मानेपासून सुरू होणारी शाल

माझ्या सासूबाईंना दमा होता. पहाटे चुलीपुढे बसल्या की छातीतून शिट्टी वाजू लागे. पुढून विस्तवाची धग आणि पाठीवर गार वारा. धाबळी अंगावर घ्यावी तर ती सारखी घसरे आणि तिचं टोक चुलीत जाई. एक हात भाकरीवर आणि एक हात धाबळीवर, असं त्यांचं चाले.

रत्नागिरीत राहून लोकरीची शाल हवी म्हटलं तर कुणीही हसेल. पण त्यांना ती हवीशी वाटली त्याला कारण मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाई. दर पंधरा दिवसांनी मी सासूबाईंना तिथे औषधाला नेत असे. पावसाळी हवेत त्या बाई राखाडी रंगाची तिकोनी शाल घेऊन बसत. दोन्ही हात मोकळे, कुठे पिन नाही, गाठ नाही, तरी शाल खांद्यावरून हलत नसे. सासूबाई बाकावर बसून त्या शालीकडेच बघत राहायच्या.

एकदा बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "तुला येईल काय गो तसलं?"

मी मिशनच्याच शाळेत पाच यत्ता शिकले होते. तिथे मोजे विणायला शिकवत. मी म्हटलं, "सुलट टाका येतो. पण ही शाल कुठून सुरू होते ते कळत नाही."

"मग विचार त्या बाईला. माझी शाल झाली की तुला मुंबईच्या आगबोटीत बसवते."

हे वाक्य त्या चालता चालता बोलल्या. मी मात्र पाणंदीतच थांबले.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे मुंबईला लोकरीच्या गिरणीत कामाला. लग्नानंतर वीस दिवस राहिले, मग दोन गणपतींना आणि एका शिमग्याला आले, बस. घरात सासूबाई आणि मी. सासरे मी पाहिलेच नव्हते. घर टेकाडाच्या पोटाशी, मागे जांभ्याचा कडा, पुढे पोफळीचं आगर, त्यापलीकडे समुद्र. समुद्र दिसायचा नाही, ऐकू यायचा. आगबोटीचा भोंगाही ऐकू यायचा. भोंगा झाला की हातातलं काम घेऊन मी खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, कडेला जाऊन उभी राहत असे. तिथून धूरसुद्धा दिसत नसे.

त्याच आठवड्यात मी ह्यांना पत्र लिहिलं आणि लोकर मागवली. गिरणीत उरलेला धागा कामगारांना मिळायचा. घोंगड्यांचा जाड, राखाडी, तेलाचा वास येणारा. पहिली पुरचुंडी ओळखीच्या माणसाबरोबर आली. ती घेऊन मी दवाखान्यात गेले.

नर्सबाईंचं मराठी बरं होतं, फक्त 'ट' आणि 'त' त्यांना वेगळे करता येत नसत. त्या कुठल्याशा थंड बेटावरच्या. ही शाल त्यांच्या आजीनं शिकवलेली. त्या म्हणाल्या, "किती टाके घालशील?"

"शंभर?"

"तीन."

मला वाटलं त्यांना मराठी आकडे येत नाहीत. पण खरंच तीन टाके. तीन टाक्यांवर सहा ओळी सुलट विणायच्या. दोन्ही बाजूंनी सुलटच विणत गेलं की दोन ओळींची मिळून एक उभार वळी होते. सहा ओळींच्या तीन वळ्या. हातात बोटाच्या पेराएवढी पट्टी आली. मग बाईंनी ती पट्टी सुईसकट आडवी फिरवली. तिच्या लांब कडेला तीन वळ्यांची तीन टोकं दिसत होती, त्यातून एकेक असे तीन टाके उचलले. आणि अगदी सुरुवातीला जिथे टाके घातले होते त्या कडेवरून आणखी तीन. सुईवर तीन, तीन आणि तीन, नऊ टाके झाले.

"ही पट्टी मानेच्या मागे येते," त्या म्हणाल्या. "पहिले तीन आणि शेवटचे तीन, ही शालीची किनार. ही पट्टी केली नाहीस तर किनार मानेपाशी तुटते, तिथे खड्डा दिसतो. आता मधले तीन. त्यातला अगदी मधला, तो कणा. त्याच्यावर लाल दोरा बांध."

पुढचं सोपं होतं. एका ओळीत चार टाके वाढवायचे. पहिल्या किनारीच्या आत एक, कण्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, दुसऱ्या किनारीच्या आधी एक. वाढवायचा म्हणजे धागा नुसता सुईवरून घ्यायचा, तिथे बारीक भोक पडतं. परतीची ओळ साधी, काही वाढवायचं नाही. नऊचे तेरा, तेराचे सतरा, सतराचे एकवीस. चुकलं का ते बघायला मी एक युक्ती काढली. एकूण टाक्यांतून एक वजा करायचा, उरलेल्याला चारानं भाग गेला पाहिजे.

त्या दिवशी मी दुपारी घरी आले ती नाचतच. पहिले पंधरा दिवस बोटांना थारा नव्हता. धुणं, पाणी, भात कांडणं आटोपलं की मी ओटीवर बसायची. ओळी छोट्या, भराभर संपायच्या. दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखं ते वाढत होतं. किनारीच्या दोन आणि कण्याच्या दोन, अशा भोकांच्या चार रांगा सरळ निघाल्या होत्या. सासूबाई येता जाता बघत. एकदा त्यांनी विचारलं, "अजून किती राहिली?"

मी उत्साहात बोलून गेले, "ह्या शालीला माप नाही सासूबाई. ही मधूनच सुरू होते ना, म्हणून केव्हाही थांबवता येते. हवं तर उद्यासुद्धा."

त्यांनी शालीची कड बोटांत चोळून पाहिली. माझ्या त्या बोलण्याचा मला पुढे किती पश्चात्ताप झाला!

साठ वळ्या झाल्या तेव्हा सुईवर दोनशे एकोणपन्नास टाके होते. मी तशीच सुईवरची शाल त्यांच्या खांद्यावर धरली. दोन्ही खांदे झाकून टोक पाठीच्या मध्यापर्यंत आलं होतं. चुलीपुढे बसायला एवढी पुरे. मी म्हटलं, "बंद करू?"

त्यांनी मागे हात घालून टोक चाचपलं. "कंबर उघडी ऱ्हाते गो. थांबवायची घाई कसली? तूच म्हणालीस ना माप नाय म्हणून?"

पौष होता. आगबोटी ज्येष्ठ लागून पावसाळ्यासाठी बंद होईपर्यंत चालणार होत्या. मी म्हटलं, ठीक, आणखी वीस वळ्या. ह्यांना धागा पाठवायला लिहिलं. तो आठ दिवसांत आला.

आता ओळ संपता संपत नव्हती. सुरुवातीला एका बैठकीत दहा वळ्या व्हायच्या, आता दुपारभर बसून दोन. वीस वळ्या म्हणजे आधीच्या साठांच्या जवळजवळ पाऊणपट काम, हे मला हिशेब मांडल्यावर कळलं. प्रत्येक वळीला चार टाके जास्त. मी जितकी पुढे जाई तितका शेवट लांब सरके. दवाखान्यातून मिळालेल्या सुया पुरेनात. बुरुडाकडून बांबूच्या तीन लांब सुया करून आणल्या. कण्यापासून अर्धी शाल एका सुईवर, अर्धी दुसरीवर, आणि तिसरीनं विणायचं. टाके गळू नयेत म्हणून टोकांना बाटलीची बुचं. मांडीवर ते सगळं घेऊन बसले की उठता यायचं नाही. कुणी हाक मारली तरी आधी बुचं लावा, मग उठा. माघात ओटीवर ऊन यायचं आणि त्या लोकरीखाली मांड्यांना घाम फुटायचा.

ऐंशी वळ्या झाल्या. सासूबाईंनी शाल अंगावर घेतली, टोकं पुढे आणून पाहिली आणि म्हणाल्या, "पुढं गाठ बसत नाय. मागं नेऊन बांधता आली पायजे."

"सासूबाई, शिमगा आला."

"मग? शिमग्यानंतर आगबोटी बुडतात काय?"

मी ह्यांना लिहिलं, 'आता कृपा करून धागा पाठवू नये. धागा संपला की शाल संपेल, आणि मला यायला मिळेल.' शिमग्याला हे आले नाहीत. धागा आला, आधीच्या दुप्पट. सोबत चार ओळी होत्या, 'आईला हवी आहे तर विणावी. तिच्या मनाविरुद्ध करू नये.'

ते पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत नसे. ऐकताना त्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, मनातून खूश झाल्या असतील.

त्यानंतर मी एक वाईट गोष्ट केली. कण्याशेजारचे दोन टाके वाढवणं बंद केलं. चारच्या जागी दोनच. ओळ जरा कमी वाढेल आणि त्यांना काय कळणार, असा विचार. वळ्या मोजल्या तर बरोबर भरत होत्या. पण सात-आठ वळ्यांनंतर टोक बोथट दिसू लागलं. मधोमध कापड आवळल्यासारखं झालं. मी ते हातानं ताणून सारखं करायची आणि पुढे विणायची.

चैत्रात दवाखान्यात गेलो तर नर्सबाईंनी शाल बघायला मागितली. सासूबाई आत डॉक्टरीणबाईंकडे होत्या. नर्सबाईंनी कण्यावरून बोट फिरवत खाली आणलं आणि एका जागी थांबवलं.

"इथून भोकं नाहीत."

मी टोक हातानं ताणून धरलं.

"एक-दोन राहिली असती तर चूक म्हटली असती. इथे दहा वळ्यांत एकही नाही. तू मुद्दाम केलंस?"

मला रडू आलं. मी सगळं सांगितलं, शाल झाली की मुंबई, आणि शाल होऊच न देणं. त्यांनी शाल माझ्या मांडीवर ठेवली.

"मुली, चारही जागी सारखं वाढलं तरच हे तिकोन राहतं. हे असं खांद्यावर बसणार नाही, घसरेल. दहा वळ्या उसव. आणि पुरे वाटेल तेव्हा तूच बंद कर. विणणारीनं बंद करायची असते."

घरी येऊन मी उसवलं. कित्येक दुपारींचं काम. टाके एकेक करून पुन्हा सुईवर घेतले. एक टाका निसटला तर भोकातून खाली दहा-बारा वळ्या धावत जाई. मग पुन्हा ऐंशीपासून सुरुवात. रागानं हात भराभर चालत होते. कुणाच्या पंजातून सुटायचं होतं? सासूबाईंच्या, असं मला वाटत होतं. त्या शेजारी शेंगा फोडत बसायच्या आणि मी त्यांच्याकडे मान वर करून बघायची नाही. त्यांची शिट्टी ऐकू आली तरी उठायची नाही. पाण्याचा तांब्या त्यांनी आपला आपण घेतला की मला बरं वाटायचं. आज लिहितानाही लाज वाटते.

वैशाखाच्या अखेरीस शंभर वळ्या झाल्या. चारशे नऊ टाके. त्या दिवशी सासूबाई पावसाळ्याची सुकी मासळी भरायला मिरकरवाड्याला गेल्या. जेवणवेळेपर्यंत यायच्या नव्हत्या. पाणंदीतून त्यांचं डोकं दिसेनासं झालं आणि मी ओटीवर बसले.

टाके सैल बंद करायचे, नाहीतर खालची कड आवळते. एक विणायचा, दुसरा विणायचा, दोन्ही पुन्हा डाव्या सुईवर घेऊन एकत्र विणायचे. धागा नुसता पीत होतं ते. निम्म्यावर आले तेव्हा गुंडा लिंबाएवढा राहिला होता. शेवटी अठरा टाके उरले आणि लोकर संपली. आत नवी पुरचुंडी होती, पण ती उघडावी असं मला वाटेना. गोधडीचा पांढरा दोरा दुहेरी करून ते अठरा टाके मी बंद केले.

मग घंगाळात पाणी घेऊन शाल भिजवली, दाबून पाणी काढलं आणि सारवलेल्या खळ्यात पसरली. नर्सबाईंनी सांगितलं होतं, ओली असताना ताणून वाळव. करवंदीचे काटे काढून आणले आणि कडेनं टोचत गेले. आधी वरची सरळ किनार, मग कण्याचं टोक खाली ओढून, मग दोन्ही बाजू. ताणताना ती वाढतच गेली. भोकांच्या चारही रांगा उघडल्या. मानेजवळची ती पट्टी कुठे आहे हे हात लावून शोधावं लागलं, इतकी ती किनारीत मिसळून गेली होती.

सासूबाई आल्या त्या टोपली डोक्यावर घेऊनच खळ्यात थांबल्या.

"एवढी मोठी झाली?"

"झाली," मी म्हटलं. "बंद केली. तुम्हाला न विचारता. आता मला आगबोटीत बसवा. अजून बोट आहे."

त्यांनी टोपली खाली ठेवली. पायरीवर बसल्या. धाप लागली होती. थोडं थांबून म्हणाल्या, "बसवते म्हटलं तर बसवीन. पण तो धक्क्यावर यायचा नाय."

"का?"

"पलीकडल्या गुरुजींच्या फडताळात माझी पत्रं हायत. आण जा."

शेजारचे म्हातारे गुरुजी निवृत्त होते. सासूबाई आठवड्यातून एकदा पोथी ऐकायला जातात असं मी समजत होते. गुरुजींनी काही न विचारता चार पत्रं हातात दिली. अक्षर ह्यांचंच. घरच्या पत्त्यावर न पाठवता गुरुजींच्या नावानं पाठवलेली. मी त्यांच्या दारातच वाचली. पहिलं मार्गशीर्षातलं. 'एका गाळ्यात आम्ही अकरा जण राहतो. खानावळीत जेवतो. तिला इतक्यात आणता येणार नाही. तिला काहीतरी सांगून थोपव.' दुसरं तसंच. तिसऱ्यात, 'शालीची युक्ती बरी आहे. धागा पाठवतो.' चौथ्यात, 'इथे मोकळं बरं वाटतं. बिऱ्हाडाचं पुढे बघू.'

मी परत आले तेव्हा त्या तिथेच बसल्या होत्या. मी विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? नवरा बोलवत नाय म्हणून? आळीत काय, तुझ्या माहेरात काय, सगळ्यांना सांगत होते, सून माझी शाल विणतेय, मी सोडत नाय. माझ्यावर रागावलीस तर चालेल म्हटलं. सासूवर सगळ्याच रागावतात."

मी खळ्यात उतरले आणि वाऱ्यानं निघालेले दोन काटे पुन्हा टोचले.

चार दिवसांनी शेवटची आगबोट गेली. भोंगा मी घरातच ऐकला. त्या पावसाळ्याइतका लांब पावसाळा मी पुढे पाहिला नाही. आधी निदान असं होतं की एक माणूस मला अडवतंय आणि एक तिकडे वाट बघतंय. आता वाट बघणारंच कुणी नव्हतं. माहेरी जावं तर काय सांगून? दारात पागोळ्या, मागच्या कड्यावरून पाणी, भिंतींना ओल. हातात विणायलासुद्धा काही नाही. नवी पुरचुंडी मी फळीवर टाकली होती, तिला हात लावायची नाही. सासूबाई शाल घेऊन चुलीपुढे बसत. टोकं छातीवरून फिरवून पाठीमागे बांधलेली, हात मोकळे. दमा गेला नाही, पण पहाटे त्यांना दोन भाकऱ्या एका दमात थापता येऊ लागल्या. आम्ही फारसं बोलत नव्हतो. पण पाण्याचा तांब्या मी त्यांच्या हाताशी ठेवू लागले.

श्रावणात एके दुपारी त्या म्हणाल्या, "त्याला नाय कळवायचं."

"काय?"

"नारळी पुनव झाली की आगबोट सुरू होईल. गुरुजींची लेक मुंबईला निघालीय, जावई न्यायला येतोय. त्यांच्याबरोबर जा. दारात जाऊन उभी ऱ्हा. कळवलंस तर पुन्हा धागा पाठवील."

"आणि त्यांनी परत पाठवलं तर?"

"अकरा जणांसमोर? तेवढा निगरगट्ट नाय तो. माझाच मुलगा हाय."

"तुम्ही एकट्या राहणार."

"गुरुजींची बायको हाय. भात लावून झालाय. तू तुझं बघ."

बंदरावर त्या आल्या. समुद्र अजून शांत झाला नव्हता. आगबोट दूर उभी, पडावातून तिथपर्यंत जायचं. खलाशानं हात धरून मला पडावात ओढलं. मागे बघितलं तर सासूबाई गुरुजींच्या बायकोशी काहीतरी बोलत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. पडाव लाटेवर चढला आणि मी ओकले. तशीच मुंबईपर्यंत गेले.

गुरुजींच्या जावयानं मला परळला गाळ्याच्या दारात आणून सोडलं. सकाळची पाळी सुटली होती. हे दोरीवर धोतर वाळत घालत होते. मला पाहून त्यांचा हात वरच राहिला. आत चार-पाच माणसं झोपली होती, दोघं उठून बसली.

"तू? आई कशी आहे?"

"बऱ्या आहेत."

"किती दिवसांसाठी आलीस?"

मी ट्रंक खाली ठेवली. "बिऱ्हाड करायला आले आहे."

ते माणसांकडे बघायला लागले. त्यातल्या एका वयस्कर माणसानं सदरा चढवला, बाहेर येऊन मला बसायला बाकडं दिलं आणि ह्यांना म्हणाला, "वरच्या मजल्यावर विचारू या चल. कुणीतरी गावी गेलं असेल."

नऊ दिवस मी त्याच चाळीतल्या एका बाईच्या स्वयंपाकघरात झोपले. हे सकाळ-संध्याकाळ येऊन दारातून चौकशी करून जात, ओशाळे होऊन. दहाव्या दिवशी जिन्याखालची खोली मिळाली. तिला खिडकी नव्हती. दार उघडं ठेवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. तिथे आम्ही सहा वर्षं राहिलो.